आधी फुंका, मग पंप

आमचे हे भाईंदरच्या एका मराठी शाळेचे मुख्याध्यापक. राहायला आम्ही मीरा रोडला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लालबागच्या दीड खोलीतून इथे आलो तेव्हा दोन खोल्या, एक गॅलरी आणि चारही बाजूंनी चाललेल्या बांधकामांची धूळ असं सगळं एकदम पदरात पडलं. ह्यांना दमा होताच, लहानपणापासून. लालबागला तो मधूनमधून डोकवायचा. इथे आल्यावर तो घरचाच माणूस होऊन बसला.

ह्यांची तक्रार कधीच नसायची, आणि हीच माझी मोठी तक्रार होती. छाती शीळ घालत असायची आणि हे म्हणायचे, "काही नाही गं, जरा कफ आहे." झाकली मूठ सव्वा लाखाची, हा ह्यांचा धर्म. शाळेत ते ठीक असेल. माझ्यापुढे कशाला झाकायची? पण मुख्याध्यापक माणूस, घरी आला तरी मुख्याध्यापकच राहतो.

एका थंडीत ती मूठ उघडी पडली. संध्याकाळी शाळेतून आले, जिना चढून दारात उभे राहिले आणि बोलेचनात. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. मी खाली धावले. आमच्या इमारतीखाली राई गावचा एक रिक्षावाला नेहमी उभा असायचा. त्यानं ह्यांना जवळजवळ उचलूनच रिक्षात घातलं. हॉस्पिटलात नर्सनं नाव विचारलं तर ह्यांना ते सांगता आलं नाही; खिशातलं शाळेचं ओळखपत्र काढून पुढे केलं. पन्नास मुलांच्या वर्गाला एका हाकेत गप्प करणारा माणूस स्वतःचं नाव बोलू शकत नव्हता. ते मी आजही विसरलेले नाही.

तेव्हापासून मी घर सोडलं नाही. भाजीला, बाजारात जायचे तेवढंच. माहेरी रोह्याला एक रात्रसुद्धा राहायला गेले नाही. आई फोनवर विचारायची, "कधी येतेस?" मी म्हणायचे, "बघते." आणि बघत काहीच नसे. मी गेले आणि इकडे काही झालं तर हे कोणाला सांगणार होते? जे शेजारच्या खोलीत असलेल्या बायकोला सांगत नाहीत, ते रोह्याला सांगतील?

त्या आजारपणातून उठल्यावर आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. स्टेशनजवळ त्यांचा दवाखाना होता. चाळिशीच्या डॉक्टरीणबाई, बोलायला मृदू, पण सूट काही द्यायच्या नाहीत. पंपाची सवय लागते का, स्टेरॉइडनं हाडं जातात का, असे बायकांच्या हळदीकुंकवात गोळा केलेले सगळे प्रश्न मी त्यांना विचारून घेतले. त्या न कंटाळता म्हणाल्या, "तपकिरी पंपातलं औषध थेट छातीत जातं आणि अगदी थोडं असतं. ते रोज घेतलं तर स्टेरॉइडच्या गोळ्यांची वेळच कमी येते. सवय नाही लागत. सोडलं तर मात्र दमा परत येतो." मग त्यांनी टेबलावर एक प्लॅस्टिकची नळी ठेवली. बाजूला आकड्यांची पट्टी, पट्टीवर सरकणारा लाल काटा. पीक फ्लो मीटर, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं. मी तिथेच तिचं नाव फुंकणी ठेवलं.

"उभं राहायचं, काटा खाली शून्यावर आणायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट लावायचे आणि एका झटक्यात जोरात फुंकायचं," त्या म्हणाल्या. "हळूहळू नाही, मेणबत्त्या विझवल्यासारखं. तीनदा फुंका आणि तिन्हींतला मोठा आकडा लिहा. सकाळी आणि संध्याकाळी."

हॉस्पिटलातून दिलेल्या गोळ्यांचा कोर्स संपून छाती मोकळी झाल्यावर दोनेक आठवडे ह्यांनी तसं केलं, मधूनमधून दवाखान्यात जाऊन बाईंसमोरही फुंकलं. सगळ्यांत चांगला आकडा आला साडेचारशे. डॉक्टरीणबाईंनी मग एक कागद काढला आणि त्यावर तीन रंगांचे पट्टे केले. तीनशे साठच्या वर हिरवा. त्याच्या खाली, सव्वादोनशेपर्यंत, पिवळा. त्याहून खाली लाल. आणि प्रत्येक रंगापुढे, काय करायचं ते मराठीत, त्यांच्या बऱ्यापैकी वाचता येणाऱ्या अक्षरात.

हिरव्यात रोजचा तपकिरी पंप, सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी, आणि मग चूळ भरून गुळण्या. पिवळ्यात निळ्या, दम लगेच सोडवणाऱ्या पंपाचे चार दाब, स्पेसर नावाच्या त्या फुगीर नळकांड्यातून, एकेक करून. वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. तपकिरी पंप लिहिलाय तेवढा वाढवायचा. निळा पंप चार तासांच्या आत पुन्हा लागला, किंवा दोन दिवसांत आकडा हिरव्यात आला नाही, तर गोळ्या सुरू करायच्या आणि बाईंना फोन. लाल म्हणजे निळा पंप, गोळ्या आणि सरळ हॉस्पिटल. वाटेतही दर वीस मिनिटांनी निळा पंप चालू, घरी बसून वाट पाहायची नाही. खाली त्यांनी एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: आकडा चांगला असला तरी झोपेतून खोकल्यानं किंवा दम लागून उठलात, बोलताना धापलात, तर तेच खरं धरा.

"म्हणजे औषध वाढवायचं की नाही हे आम्ही ठरवायचं?" ह्यांनी विचारलं. आवाजात जरा धास्ती होती. मुख्याध्यापकांना वरून आलेलं परिपत्रक आवडतं, स्वतः ठरवणं तेवढं नाही.

"तुम्हीच," बाई म्हणाल्या. "दम लागतो तुम्हाला. मी तेव्हा तिथे नसते."

तो कागद आम्ही फ्रिजवर लावला. शेजारी ह्यांनी स्वतः तक्ता आखला, पट्टी लावून. तारीख, सकाळ, संध्याकाळ. अक्षर काय, मोत्यासारखं. पहिल्या दिवसापासून आकडे हिरवे. तीनशे ऐंशी, तीनशे नव्वद, तीनशे पंच्याऐंशी. एखादा दिवस चारशे. मी रोज चहा ठेवताना वाचायचे आणि मनात म्हणायचे, सुटलो बाई.

पावसाळा सरत आला तेव्हा आईच्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू पिकला होता. पितृपक्षात ऑपरेशन नको, असं तिचं ठाम मत, म्हणून तो संपल्यावरची तारीख घेतली. भावजय नोकरीला जाते. डोळ्यात दिवसातून चारदा थेंब घालायला कोणीतरी हवं, आणि मुलगी असताना दुसरं कोण? आठवडाभर तरी जाणं भाग होतं. मी तक्त्याकडे बघितलं, सगळं हिरवंगार, आणि आईला कळवून टाकलं, "येते."

कळवल्यावर मला चैन पडेना. तक्ता हिरवा होता, पण पहाटे ह्यांचा खोकला मला जागं करायचा. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर हे थांबायचे, आणि खालून कोणी आलं की बुटाची नाडी बांधल्याचं नाटक करायचे. दोन्ही बूट, दररोज. मी विचारलं तर म्हणाले, "आकडा बघ ना. तीनशे नव्वद." मीही गप्प बसायचे. आकडा आहे बाबा, आकड्याशी कोण भांडणार?

मग एका सकाळी औषधाच्या दुकानात गेले. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या गावी पाठवायच्या होत्या. दुकानदार आमच्या ओळखीचा, गुजराती, आमच्याशी हिंदीत बोलायचा. गोळ्या देता देता सहज म्हणाला, "भाभी, सर का नीला पंप भी दे दूं? पिछला तो दस-बारा दिन पहले ही ले गए थे, फिर भी पूछ लेता हूं."

मी म्हटलं, "नको, आहे घरी." घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला होता. हिरव्यात असलेल्या माणसाला निळा पंप लागतोच कशाला? तो तर दम लागल्यावरचा. आणि महिनोन्महिने पुरणारा पंप दहा-बारा दिवसांत दुसरा?

संध्याकाळी मी ह्यांना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लवकर उठून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. हे आले, फ्रिजजवळच्या फळीवरून निळा पंप घेतला, स्पेसरला लावला, दोन दाब घेतले. मग आरामात तोंड धुतलं, चहा घेतला, पेपर चाळला, आणि मग उभे राहून, काटा खाली आणून, छाती भरून फुंकणी फुंकली. तीनशे नव्वद. त्याच सुबक अक्षरात लिहायला पेन उचललं.

"हे रोजचं आहे?" मी विचारलं.

"काय रोजचं?"

"आधी पंप, मग फुंकणं."

ह्यांचा चेहरा मला वर्गातल्या मुलासारखा दिसला. पण मग लगेच मुख्याध्यापक परत आले. "अगं, कशाचीही तपासणी असली की आधी तयारी करावी लागते. तपासणी अधिकारी येणार असले की आम्ही काय करतो? फळे काळे करतो. भिंतीवरचे नकाशे चिकटवतो. पाढे येणारी मुलं पुढच्या बाकावर घेतो. तसंच हे. छाती जरा नीट करून मग आकडा घ्यायचा. उगाच वाईट आकडा लिहून डॉक्टरांना त्रास कशाला?"

मला हसू यायला हवं होतं. पण मला इतका राग आला की हातातला चहाचा कप मी ओट्यावर आपटला. "मग तपासणी अधिकारी खूश होऊन गेले की शाळेतल्या ढ मुलांचं काय होतं?" मी म्हटलं. "ती तशीच मागच्या बाकावर राहतात ना? तुमची छाती मागच्या बाकावर बसलीय, मुख्याध्यापक. आणि मी तुमच्या ह्या हिरव्या तक्त्यावर विसंबून रोह्याला निघाले होते!"

मी त्या दिवशी दुसरं काही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, उद्या सकाळी माझ्यासमोर, आधी फुंका, मग पंप.

दुसऱ्या दिवशी तीनदा फुंकलं. सगळ्यांत मोठा आकडा आला दोनशे सत्तर. ह्यांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पेन उचलायला जरा वेळ लावला. पण लिहिलं. सगळ्या हिरव्या रांगेत तो एक आकडा कोणी तरी चुकून टाकल्यासारखा दिसत होता. खरा मात्र तोच होता.

कागदावर पिवळ्यापुढे जे लिहिलं होतं ते आम्ही केलं. चार दाब, वीस मिनिटं, पुन्हा फुंकणं, तपकिरी पंप वाढवणं. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तक्ता बघितला, दोनशे सत्तरवर बोट ठेवलं आणि आधी ऐकून घेतलं. मी चिडचिड करत सगळं सांगितलं, तपासणी, पाढे, पुढचा बाक, सगळं. ह्यांनी मान खाली घातली होती.

बाई रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं रागावतील, मला हवंही होतं. त्या म्हणाल्या, "सर, हा आकडा माझ्यासाठी नाहीये. मी तो महिन्यातून एकदा बघते. हा तुमच्यासाठी आहे. पंप घेतल्यावरचा आकडा सांगतो की पंप चालतो. पंप घेण्याआधीचा आकडा सांगतो की छाती कशी आहे. तुम्ही हे सगळे दिवस पंपाची परीक्षा घेताय." मग मला म्हणाल्या, "आणि ताई, पहाटे खोकला ऐकत होतात ना? कागदावर खाली काय लिहिलंय?" खाली दोन रेघा मारलेली ती ओळ मी रोज वाचत होते आणि आकड्याच्या भरवशावर ती सोडून देत होते.

बाईंनी काही दिवसांच्या गोळ्या दिल्या, रोजचा पंप बदलला आणि सांगितलं की आईच्या ऑपरेशनला अजून वेळ आहे, तोवर बघू. जाताना ह्यांना म्हणाल्या, "वाईट आकडा आला तर मला राग येत नाही. खोटा आला तर मी काहीच करू शकत नाही."

परत आम्ही त्याच नेहमीच्या रिक्षानं निघालो. रिक्षावाल्यानं विचारलं, "सायब, दम बरा हाय ना आता?" तर म्हणाले, "बरा नाही रे. होईल." एवढं साधं उत्तर मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि रिक्षावाल्यालाही त्याचं नवल वाटलं असावं, कारण त्यानं मागे वळून पाहिलं.

पुढचे दिवस तक्ता रंगीबेरंगी झाला. दोनशे नव्वद, तीनशे दहा. एका सकाळी तीनशे साठच्या वर गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. मग हळूहळू सकाळचे आकडेही हिरव्यात यायला लागले, खरे हिरवे, पंपाआधीचे. खोकल्यानं मला जागं करणं बंद झालं. बुटाची नाडी सुटायची बंद झाली. तरीही माझी धाकधूक कमी होत नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या डोळ्यांसमोर हे खरं फुंकतात; मी नसताना?

निघायच्या आदल्या दिवशी मी ह्यांना बसवून सगळं पुन्हा सांगितलं. डॉक्टरांचा नंबर, गोळ्या कुठे, रिक्षावाल्याचा मोबाईल. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, मी शाळा चालवतो." मी म्हटलं, "म्हणूनच भीती वाटते." आणि एसटी पकडली.

रोह्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्यानं ती सगळ्या घरावर नजर ठेवून. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, थेंब सुरू झाले. ह्यांचा रोज संध्याकाळी फोन यायचा: "सगळं ठीक." तेवढंच. "आकडा?" म्हटलं की, "ठीक आहे." मी आतल्या आत जळायचे. पुन्हा झाकली मूठ, म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी आईच्या डोळ्यात थेंब घालायच्या तयारीत होते, बाटली हातात, आणि माझा मोबाईल वाजला. सकाळी ह्यांचा फोन कधी येत नसे. बाटली तशीच धरून मी फोन कानाला लावला.

"हॅलो," हे म्हणाले. "परवापासून सर्दी आहे. शाळेतल्या पोरांची. काल संध्याकाळी तीनशे तीसवर आला होता म्हणून निळा घेतला, तपकिरी पंप वाढवला, तुला सांगितलं नाही, तू उगाच घाबरली असतीस. पण आज सकाळी पंप घ्यायच्या आधी फुंकलं. दोनशे तीस, दोनशे चाळीस, दोनशे पंचेचाळीस. मोठा धरायचा, म्हणून पंचेचाळीस."

मी ऐकत होते. आकडे नाही, ह्यांचा श्वास. इतकं लांबलचक वाक्य, आणि मधे कुठे तुटलं नव्हतं. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द, असं नव्हतं.

"ऐकतेयस का?"

"हो. पुढे?"

"निळ्याचे चार दाब घेतले, स्पेसरमधून. वीस मिनिटांनी पुन्हा फुंकलं, तीनशे पाच. लाल नाहीये, पण लालच्या जवळ गेलं होतं म्हणून थांबलो नाही, बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दोन दिवस बघत बसू नका, गोळ्या आजच सुरू करा आणि दुपारी दाखवून जा. गोळ्या घेतल्या. शाळेत आज जात नाहीये. रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, तो खालीच आहे. निळा चार तासांच्या आत पुन्हा लागला किंवा बोलताना धाप लागली तर दुपारची वाट बघणार नाही, सरळ हॉस्पिटल. तू यायला हवं असेल तर ये. पण तुझ्यावाचून इथे काही अडणार नाही."

बायकोला असं सांगतात का? पण मला वाईट वाटलं नाही. मी विचारलं, "आधी फुंकलंत? खरंच?"

"आधी फुंकलं," हे जरा चिडूनच म्हणाले. "मी काय खोटं सांगतो का तुला?"

इतक्या वर्षांच्या संसारात मला कितीदा खोटं सांगितलंत, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही. "मग मी राहते," मी म्हटलं. "दुपारी बाईंकडून आल्यावर फोन करा. आकडा सांगा. ठीक आहे, असं नका सांगू."

"आकडाच सांगीन."

फोन ठेवला. आईच्या खाटेशी आले. तिनं मान मागे टाकून डोळा उघडा धरला होता. मी तिची खालची पापणी ओढली, बाटली उलटी केली, पण थेंब पडेना.

"टोपण काढ की गं आधी," आई म्हणाली. "कोणाचा फोन?"

"ह्यांचा. छातीचा आकडा वाईट आलाय."

आईनं दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"मग हसतेस काय?"